मुठींची रोझरी

चिकनगुनियाचा ताप चार दिवसांत उतरला, पण बोटं सहा आठवडे माझ्यावर रुसून बसली. सकाळी उठल्यावर मूठ वळत नसे. शाळेत खडू धरला की माझं अक्षर पहिलीतल्या मुलांपेक्षाही वाईट यायचं. मी वैतागून हात टॉवेलात गुंडाळून बसले. घरातली संध्याकाळची रोझरी, म्हणजे मारियामातेची जपमाळ, तीही सोडली, कारण माळेचे मणी बोटांत धरवत नव्हते.

गावातल्या डॉक्टरीणबाईंनी टॉवेल सोडायला लावला. "विश्रांती हवीच, पण असं ताठ बसाल तर सांधे आणखी आखडतील. हात कोमट पाण्यात ठेवा आणि सावकाश दहा वेळा मूठ उघड-मिट करा. दिवसातून पाचदा, पण जोर लावू नका. दुखलं तर पॅरासिटामॉल, दिलंय तेवढंच. तीन महिन्यांनंतरही सूज राहिली, तर सांधेविकारतज्ज्ञांना दाखवा. त्याआधी वाढली, तर लगेच."

सोबत आलेल्या सासूबाईंनी एवढंच ऐकलं: दहा, पाचदा. "अगं, ही तर रोझरीच!" येशू-मारियेच्या आयुष्यातले पाच प्रसंग, म्हणजे पाच रहस्यं, प्रत्येकाला दहा मणी. झालं! दिवसातून पाचदा एकेक रहस्य, मण्यागणिक म्हटल्या जाणाऱ्या दर 'नमो मारिया' प्रार्थनेला माझी एक मूठ, आणि घाई केली की त्या पुन्हा पहिल्यापासून म्हणायच्या.

बोटं हळूहळू सैल झाली. डावं मनगट मात्र तीन महिन्यांनीही सुजलेलंच होतं. मी म्हटलं, "आणखी महिनाभर रोझरी करूया."

सासूबाईंनी माझ्या हातातली माळ काढून घेतली. "ती मी करते. तू रिक्षात बस."