राहून गेलेली तिसरी तपासणी

पेडगावच्या फाट्यावर रामलिंगचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे चार पत्रे, हवेचा पंप आणि तेलानं काळी पडलेली जमीन. बावीस वर्षं तो मोटारसायकली दुरुस्त करत आला होता. माणूस कमी बोलणारा. रील काढायचं डोकं त्याच्या बायकोचं, महादेवीचं. ती म्हणाली, "गिऱ्हाइकाला रोज तेच ते सांगायलाव. एकदा मोबाइलवर सांगून टाका की."

त्यानं पाना-पेचकस ठेवून एका जुन्या बिलाच्या पाठीवर लिहून काढलं. 'नमस्कार. पावसाळ्यात गाडी ठणठणीत ठेवायची, तर तीन गोष्टी तपासा. एक, टायर. नक्षी झिजून गुळगुळीत झाली असंल तर ओल्या रस्त्यावर गाडी घसरते. हवा सकाळी टायर थंड असताना तपासा. दोन, चेन. चिखल पुसून तेल सोडा, पण जळकं ऑइल नको, त्याला माती चिकटते. चेन बोटानं वर-खाली करून बघा, लय ढिली नको, लय ताठ नको. तीन, ब्रेक. मागचा ब्रेक दाबून धरा आणि चाकाच्या ड्रमवरचा बाण बघा. बाण खुणेच्या पुढं गेला तर ब्रेकचं आतलं लायनर संपलं, लगेच बदला. पाण्यातून गाडी काढली की हळू चालवत ब्रेक हलका दाबत राहा, ड्रम वाळतो.'

महादेवीनं मोबाइल धरला. टायर झाला, चेन झाली. तिसऱ्याला रामलिंग तीनदा अडखळला, आणि चौथ्या वेळी भुरभुर सुरू झाली. मोबाइल भिजायला लागला तसा तो म्हणाला, "एवढंच टाक. ब्रेकचं उद्या करू."

उद्या काही उजाडलाच नाही. रील चाळीस हजार लोकांनी बघितली आणि फाट्यावर गाड्यांची रांग लागली. सेलूपासून माणसं यायची, "रीलमधलं तेवढं करून द्या" म्हणायची. सकाळचा चहासुद्धा पंपाशी उभ्यानं व्हायचा.

त्या रांगेत बन्सीधर होता. पेडगावचा दूधवाला, रोज सकाळी दुधाच्या दोन किटल्या बांधून परभणीला जाणारा. "अप्पा, तुमची रील घरात सगळ्यांनी बघितली," तो म्हणाला. "टायर अन् चेन बघा. दूध नासायच्या आत जायचंय."

रामलिंगनं मागचा टायर बदलला, चेन धुऊन तेल सोडलं. मागं सहा गाड्या उभ्या होत्या. ब्रेकच्या दांड्यावर त्याचा हात गेलासुद्धा, पण तेवढ्यात मागच्यानं हॉर्न दिला आणि त्यानं गाडी स्टँडवरून उतरवली.

आठ दिवसांनी फरशी पुलावर गुडघाभर पाणी होतं. बन्सीधरनं गाडी त्यातून काढली. पलीकडे उतारावर खताची पोती भरलेली ट्रॉली उभी होती. त्यानं ब्रेक दाबला, पण गाडी काही थांबली नाही.

गाडी टेम्पोत घालून गॅरेजवरच आणली. रामलिंगनं मागचं चाक सोडलं. लायनर धातूपर्यंत घासलेलं होतं आणि ड्रममध्ये अजून पाणी होतं. महादेवी दारात उभी होती. तो म्हणाला, "मी लिहिलं होतं."

बन्सीधरचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. तो घरी आल्यावर रामलिंग भेटायला गेला. बन्सीधरची बायको कडूबाई गोठ्यात होती. दोन म्हशी विकल्या होत्या, तिसरीचं दूध ती स्वतः डोक्यावरून फाट्यापर्यंत न्यायची.

"बन्सीधर, तुमच्या गाडीचं लायनर मी बघायला पाहिजे होतं," रामलिंग म्हणाला. "त्या रीलमधे ते यायचं होतं. मीच ठेवून दिलं."

बन्सीधर खाटेवर भिंतीला टेकून बसला होता. तो म्हणाला, "तुमी सांगितलं तेवढं मी सगळं केलं होतं, अप्पा." आवाजात राग नव्हता. राग असता तर रामलिंगला बरं वाटलं असतं.

घरी येऊन त्यानं जुनी रील पुसून टाकली आणि नवी काढली, तिन्ही तपासण्यांची. ती अकरा जणांनी बघितली. पुसलेली मात्र लोकांनी उतरवून ठेवलेली होती. ती अजून गावोगावच्या ग्रुपात फिरते, तिच्यात तो दोन बोटं दाखवून हसतो. ज्यांनी ज्यांनी पुढं पाठवली त्यांचे नंबर महादेवीनं शोधायचा प्रयत्न केला, पण किती जणांना सांगणार?

आता गाडी कुठल्याही कामाला आली तरी रामलिंग आधी मागचा ब्रेक तपासतो. गिऱ्हाइकं कुरकुरतात, काही परत जातात. तो त्यांना थांबवत नाही.