हौशीरामनानांचा तळहात

हौशीरामनानांच्या उजव्या तळहातावर मधोमध एक गोल वण आहे, जुन्या रुपयाएवढा. तो कसा पडला हे आमच्या गोदामात सगळ्यांना माहीत आहे, पण त्याबद्दल कोणी बोलत नाही. मी बोलणार आहे, कारण त्यात निम्मी चूक माझी होती.

मी तेजस्विनी, पिंपरी पेंढारची. आळेफाट्याजवळ कांद्याच्या निर्यातीची दोन मोठी गोदामं आहेत, त्यांची देखभाल माझ्याकडे. नाना पिंपळवंडीचे, माझ्या हाताखाली नळकाम बघणारे. वय साठीचं. इथं येण्याआधी तीस वर्षं त्यांनी पंचक्रोशीतल्या शेतांत पाइपलाइनी टाकल्या. शेतातल्या पाइपात हवा अडकली की पाणी पुढं सरत नाही, म्हणून चढावर एअर व्हॉल्व बसवायचा, हा त्यांचा धर्म. “पाण्याला आधी वाट द्या, मंग हवा द्या,” असं ते कोणालाही सांगत, विचारलेलं नसलं तरी.

जुन्या गोदामाच्या छपराचे पाइप त्यांच्याच हातचे. दोन्ही बाजूंना मिळून चोवीस जाड पाइप सरळ खाली, प्रत्येकाखाली चेंबर. पाणी पाइपाच्या कडेकडेनं उतरतं, मधून हवा मोकळी खेळते. पाइप एक तृतीयांशही भरत नाही. कुठं एखादा सांधा ढिला असला तरी पाणी कसंही खाली येतंच. गरीब स्वभावाची व्यवस्था.

नव्या गोदामाला फक्त चार उभे पाइप, तेही बारीक. दोन छपरांमधल्या लांब पन्हळीचं पाणी गोळा करणारा पाइप छताखाली आडवा जातो, तोही एकदम सपाट. नाना तो पहिल्यांदा बघून हसले. “ताई, ढाळ कुठंय? ह्या पायपात म्हशी बसत्याल.”

मग मी त्यांना सायफन समजावला. पन्हळीतल्या प्रत्येक तोंडावर ताटली आहे. पाऊस थोडा असला की हाही पाइप साध्या पाइपासारखाच वागतो. पाऊस वाढला, ताटलीवर पाणी चढलं, की आत हवा शिरायची बंद होते आणि पाइप काठोकाठ भरतो. मग उभ्या पाइपातून पडणारं पाणी मागचं सगळं पाणी ओढून नेतं. जेवढी छताची उंची, तेवढी ओढ. म्हणून चार पाइप पुरतात, म्हणून ढाळ नको. हवा मात्र आत जाता कामा नये.

“पाटावरून नळी टाकून पाणी वढत्यात, तसं व्हय,” नाना म्हणाले. त्यांना कळलं होतं. मी विषय संपवला. भरताना तो पाइप आवाज कसा करतो, हे सांगायचं राहिलं. मला ते महत्त्वाचं वाटलंच नव्हतं, असा माझा शहाणपणा.

जुलैत पहिल्यांदा तो आवाज आला. पन्हळीखाली एकोणीस बायका कांदे निवडत बसल्या होत्या. वरचा पाइप गुरगुरला, थरथरला आणि मग हवा आत ओढू लागला. तुटक, शिट्टी वाजल्यासारखा, प्रत्येक वेळी जास्त धाप लागल्यासारखा. मिनिटभर. मग एकदम गप्प. बाहेर धो धो पाऊस आणि वर पाइपात काहीच नाही, असं वाटावं इतकं गप्प. खरं तर तेव्हाच तो पूर्ण भरून वाहत असतो. पण ते मला माहीत.

बायकांत कुशाबाई होत्या. नानांच्या थोरल्या भावाच्या, गेणभाऊंच्या, विधवा. गेणभाऊंना दमा होता. तीन वर्षांपूर्वी भर दुपारी अटॅक आला, तेव्हा नाना कोणाच्या तरी उसात एअर व्हॉल्व बसवत होते आणि फोन पिशवीत वाजत होता. कुशाबाईंनी एकटीनं तो श्वास ऐकला होता. तुटक, शिट्टीचा, मग गप्प.

त्या दिवसापासून पाऊस आला की त्या हातातला कांदा खाली ठेवून वर बघायच्या. इतर बायकाही बघू लागल्या. मी हसले. “पाइप आहे हो, कुशाबाई.” त्या माझ्याकडे बघत राहिल्या, जशी काही मीच खुळी. आणि पुढच्या वेळी मलाही त्या पाइपात शेवटचा एक श्वास जास्तीचा ऐकू आला. हे मी कोणाला सांगितलं नाही.

ऑगस्टच्या शेवटी कुशाबाई नानांना म्हणाल्या, “भावजी, त्येला हवा कमी पडतीय. द्या की.”

एवढंच. नानांना सायफन कळत होता, तरी कोरड्या दिवशी ते छताखाली देखभालीसाठी असलेल्या जाळीच्या पुलावरून गेले, आडव्या पाइपाला सॅडलची पकड आवळली, भोक पाडलं आणि शेतातला एक इंची एअर व्हॉल्व बसवून आले. मला न विचारता.

सप्टेंबरात परतीचा पाऊस दुपारी तीनला फुटला. पाइप गुरगुरला, धापा टाकू लागला. मी वाट बघत होते, आता गप्प होईल. झाला नाही. श्वास चालूच राहिला, लांब, मोकळा, सुखाचा. कुशाबाई वर बघून हसत होत्या.

मग पन्हळीच्या काठावरून पाण्याचा पडदा खाली कोसळला. हवा शिरल्यानं सायफन धरतच नव्हता. सपाट, बारीक पाइपातून नुसत्या उतारानं जाणारं पाणी कितीसं असणार? पन्हळीच्या टोकांची जादा तोंडं भरभरून वाहत होती, तरी मधे पाणी चढत होतं आणि पत्रा वाकत होता. मी बायकांना ओरडून जुन्या गोदामाकडे पळवलं. तिथं चोवीस पाइप मुकाट खळखळत होते. कुशाबाई हलल्या नाहीत. “भावजी वर हायेत,” म्हणाल्या.

नाना पाना घेऊन पुलावर पोचले होते. व्हॉल्वला सगळीकडून फटी, तो हातानं झाकेना. त्यांनी तो उघडून काढला. भोकाला मारायला बूच नव्हतं. त्यांनी क्षणभर तिथं कान लावला, हे मी स्वतः पाहिलं. मग तळहात ठेवला आणि दाबला.

श्वास घुसमटला. पाइप थरथरला, दोनदा, तीनदा. नानांचा हात आत ओढला जाताना दिसत होता. मग सगळं गप्प झालं आणि पन्हळीवरचा पडदा हळूहळू तुटत गेला.

त्यांना हात काढता आला असता. जोर लावला की सुटला असता. पण काढला असता तर पुन्हा हवा शिरली असती आणि खाली कुशाबाई उभ्या होत्या. पस्तीस मिनिटं ते तसेच वाकून राहिले, डोळे मिटून. मी खालून बूच शोधत धावत होते आणि ते सापडलं तेव्हा पाऊस ओसरला होता.

नाना खाली उतरले. तळहातावर भोकाच्या धारेनं कापलेलं काळंनिळं वर्तुळ उठलं होतं. कुशाबाईंनी तो हात आपल्या हातात धरला.

“गप झाला का?”

“झाला, वैनी.”

“तुमच्या हातानं?”

नाना रडले, साठीचा माणूस, आम्हा दोघींसमोर. “त्या टायमाला मी न्हवतो,” ते म्हणाले. “आज व्हतो, आन् मीच त्वांड दाबलं. लई झगडला वैनी, माझ्या हाताखाली.”

मी त्यांना समजावायला हवं होतं, की ती पाण्याची ओढ होती. कुशाबाईंनी पदरानं तो तळहात पुसला. “बरं झालं,” त्या म्हणाल्या. “एकटा न्हवता.”

आता तिथं पक्कं बूच वेल्ड केलेलं आहे. मोठा पाऊस आला की पाइप अजूनही धापा टाकतो. नाना जिथं असतील तिथून येऊन त्याच्याखाली उभे राहतात आणि उजवा हात वर धरतात. आवाज थांबेपर्यंत बायका कांदे निवडत नाहीत, आणि मीही त्यांना काम करा म्हणत नाही.