माड आडवा पडला त्या दिवशीची कामं

मालवणजवळच्या एका उपकेंद्रात मी नर्स म्हणून रुजू झाले, तेव्हा माझ्या वरच्या सिस्टरना तिथे बरीच वर्षं झाली होती. मी त्यांना ताई म्हणायचे. आवाज चढा, चाल भरभर, आणि माझ्या डब्यात भाजी कमी दिसली की स्वतःचं सुकट माझ्या ताटात.

श्रावणातली गोष्ट. पलीकडच्या वाडीत लसीकरण ठरलं होतं. सकाळी निघालो तर वाटेत एक माड विजेच्या तारा घेऊन रस्त्यावर आडवा. वीज मंडळाची माणसं येऊन रस्ता मोकळा होईपर्यंत दुपार टळली. अंगणवाडीत थांबलेल्या आया कंटाळून पोरं घेऊन घरी गेल्या होत्या. लसीकरणाशिवाय एका गरोदर बाईचा रक्तदाब, एका आजोबांच्या पायाचं ड्रेसिंग, शाळेतल्या मुलींशी बोलणं, महिन्याचा अहवाल आणि भिंतीवरची पोस्टरं, सगळंच राहिलेलं. ताईंना संध्याकाळी कणकवली स्टेशनवर जायचं होतं. त्यांची एकुलती एक मुलगी शिकायला पहिल्यांदाच बाहेरगावी निघाली होती.

मला रडूच आलं. "ताई, आता धावत सगळा करूया!"

"धावान काय होवचा नाय गो," त्या स्कूटरच्या सीटवर बसून म्हणाल्या. "एकेका कामाक विचार. आज नाय केला तर कोणाचा बिघडात काय? बिघडात तर आधी ता. दुसऱ्या कोणाक नीट जमात काय? जमात तर तेका दी. उद्या चलात, तर कधी ता आत्ताच ठरव. 'मगे बघूया' हो काय वार न्हय. आणि केलाच नाय तर कोणाक कळाचा नाय, ता सोड."

पोस्टरं तिथेच सुटली. अहवाल दुसऱ्या दिवशी सकाळी. शाळेत फोन करून सोमवार घेतला. आजोबांची जखम भरत आली होती. ते मुलासोबत उपकेंद्रात येणार आणि तिथले डॉक्टर ड्रेसिंग करणार असं ठरलं. "पू दिसलो किंवा ताप असलो तर लगेच माका फोन," हे ताईंनी डॉक्टरांनाही सांगितलं.

लसीकरणावर मात्र मी अडले. तेच तर आजचं मोठं काम!

"मोठा आसा, पण चार दिवसांनी पोरांचा बिघडाचा नाय," ताई म्हणाल्या. न उघडलेल्या लशी बर्फाच्या पेटीतून त्याच दिवशी आरोग्य केंद्राच्या फ्रिजमध्ये परत पाठवल्या. वाडीतल्या आशा सेविकेनं घरोघरी शनिवार कळवायचं कबूल केलं.

उरली ती गरोदर बाई, आज टाळता न येणारं एकच काम. गेल्या खेपेला तिचा रक्तदाब जरा वर होता. तिच्या अंगणात शिरलो तर तिची सासूच पुढे आली. "सिस्टर, हिचा डोक्या सकाळपासून दुखता. म्हटला, झोप नाय झाली."

ताईंनी दोनदा मोजलं. वरचा आकडा एकशे साठच्या पुढे, खालचा शंभराच्या वर. लघवीच्या पट्टीचा रंगही बदलला, म्हणजे आई-बाळ दोघांना धोका. ताईंनी तिला कुशीवर झोपवलं, आरोग्य केंद्राच्या मोठ्या डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी सांगितलेली गोळी दिली आणि रुग्णवाहिका बोलावली. मग ओरोसच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत सोबत जायला स्वतःच पर्स उचलली.

माझ्या तोंडून निघून गेलं, "ताई, ह्या काम माका जमात काय?"

त्या थबकल्या. "जमात. पण…"

"आणि स्टेशनवरचा काम दुसऱ्या कोणाक जमात?"

ताईंनी पर्स परत खाली ठेवली. त्यांचे डोळे भरून आले होते. मग एकदम नेहमीच्या चढ्या आवाजात सुरू झाल्या: वाटेत रक्तदाब कधी मोजायचा, झटका आला तर कसं कुशीवर धरायचं, कागद कोणाच्या हातात द्यायचे, पोचल्यावर फोन. सगळं माझ्याकडून वदवून घेतलं आणि स्टेशनवर जायला शेजारच्या रिक्षावाल्याला हाक मारली.

वाटभर त्या बाईचा हात माझ्या हातात होता. तिला दाखल करून घेतल्यावर फोन लावला, तर पलीकडे स्टेशनची गडबड. गाडी नेहमीसारखीच उशिरा होती.

"प्रेशर किती?" ताईंचा पहिला प्रश्न.

"उतरतासा. चेडू भेटला?"

"ह्या काय, माझ्या खांद्यार डोक्या ठेवन बसलासा," त्या म्हणाल्या आणि फोन मुलीच्या कानाला लावला. मी तिला नीट जा, एवढंच म्हटलं.

त्या बाईला पुढे मुलगी झाली, दोघी सुखरूप. शनिवारी लसीकरणाला दोन आया आल्याच नाहीत. आशा सेविकेबरोबर चिखल तुडवत त्यांच्या घरी जाऊन समजूत घातली आणि पोरांना अंगणवाडीत आणलं. पोस्टरं मात्र अजून कपाटातच आहेत.