गुरूला काय फरक पडतो

माझी नात एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होती. त्या मंगळवारी दुपारी ती लॅपटॉप कडेवर मूल घ्यावं तसा घेऊन स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "अज्जी, गुरू काहीच देईना."

मी गिरमिटाच्या चुरमुऱ्यांत घालायला कांदा चिरत होते. म्हटलं, "देतील गं. मार्क द्यायला त्यांना पहिल्यापासूनच वेळ लागतो."

"माझे गाइड नाही. वरचा गुरू."

वरच्या गुरूचं काम असं होतं. तिच्या प्रोजेक्टमध्ये एक यान पृथ्वीवरून निघतं, वाटेत गुरू ग्रहाच्या जवळून जातं आणि पुढे शनीकडे निघतं. इंजिन बंद. एक थेंब इंधन जळत नाही. तरी गुरूजवळून बाहेर पडताना यानाचा वेग वाढलेला असतो. खरी यानं असंच करतात, म्हणून तर ती इतक्या लांब जाऊन पोचली. फक्त माझ्या नातीच्या कंप्युटरमधलं यान सेकंदाला दहा किलोमीटर घेऊन आलं आणि दहा घेऊनच गेलं. तीन दिवस तेच. आणि शुक्रवारी तोंडी परीक्षा. बाहेरून परीक्षक येणार. त्यांनी होकार दिला तरच तिचे गाइड अवकाश संशोधनाच्या सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी शिफारसपत्र लिहिणार, आणि अर्जाची मुदत शनिवारी संपणार.

"एवढंच ना?" मी सुरी खाली ठेवली. मी धारवाडच्या कॉलेजात तेहतीस वर्षं फिजिक्स शिकवलंय. हात पुसले आणि सांगितलं, "गुरू केवढा मोठा. तो यानाला ओढतो. ओढलं की वेग वाढणारच. झालं."

"आणि जाताना?"

"जाताना काय?"

"जाताना मागे नाही का ओढणार? येताना जेवढं दिलं तेवढं जाताना काढून घेणार. मग उरलं काय?"

मी पुन्हा सुरी उचलली. कांदा चिरताना डोळ्यांत पाणी येतं हे त्या दिवशी फार सोयीचं पडलं.

कारण हा प्रश्न मला आधी एकदा विचारला गेला होता. तेव्हा मी नोकरीत नवी होते. कडक इस्त्रीची साडी, एका हातात हजेरीपट, दुसऱ्या हातात खडूची पेटी. पेटी शिपायाने आणायची असते, पण ती हातात असली की आपण शास्त्रज्ञ दिसतो अशी माझी समजूत होती. वर्गात मी यानाची गोष्ट सांगितली, 'गुरू ओढतो म्हणून वेग वाढतो' असं फळ्यावर लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. तिसऱ्या बाकावरचा एक काटकुळा मुलगा उठला. "मेडम, हॊर्गे होगबेकादरे?" बाहेर जाताना काय होतं?

मला उत्तर येत नव्हतं. येत नाही असं म्हणायला मात्र वय पाहिजे. मी म्हटलं, "कूतको. परीक्षेला नाही ते."

तो बसला. आणि पुढची तीस वर्षं मी दर वर्गात त्याच दोन रेघा मारल्या.

हे सगळं मी नातीला सांगितलं. सांगायला नको होतं, पण खोटं बोलायला माझ्याकडे वेळ नव्हता, शुक्रवार तोंडावर आला होता. तिने विचारलं, "मग तो मुलगा गेला कुठे?"

"कुठे जाणार? तुझा गाइड झालाय."

ती इतकी हसली की लॅपटॉप कांद्यात पडता पडता राहिला. मग एकदम थांबली. "म्हणजे त्यांनी हा विषय मला मुद्दाम दिला?"

ते मलाही त्याच क्षणी कळलं. इतकी वर्षं रस्त्यात भेटला की वाकून नमस्कार करायचा, 'मेडम आरामा?' म्हणायचा, आणि पोटात हे!

"त्यांना फोन करू?" नात म्हणाली.

"खबरदार," मी म्हटलं. "मी त्याला उत्तर विचारायचं? त्याच्यापेक्षा गुरूला विचारीन."

बुधवारी सकाळी आम्ही दोघी तिचा प्रोग्राम ओळ ओळ वाचायला बसलो. मला कंप्युटरची भाषा येत नाही, पण आकडे वाचता येतात. एका ओळीत गुरूची जागा शून्य होती. पुढच्या ओळीत शून्य. शेवटपर्यंत शून्य.

"हा हलत कसा नाही?"

"सोपं जातं म्हणून त्याला मध्ये ठेवलाय. सगळी अंतरं त्याच्यापासून मोजलीत."

"सूर्याभोवती तो सेकंदाला तेरा किलोमीटर पळतो. तू त्याला म्हशीसारखा खुंटाला बांधलायस."

"पण त्याने काय फरक पडतो?"

काहीतरी फरक पडतो एवढं मला कळत होतं. काय, ते सांगता येईना. तेवढ्यात आमच्या मळमड्डी वस्तीच्या कोपऱ्यावरचे रिक्षावाले अण्णा शाळेची मुलं सोडून रिकामे परत येताना दिसले. मी फाटकातून हात केला.

पुढच्या वीस मिनिटांबद्दल आमच्या गल्लीत अजून बोलतात. अण्णांच्या रिक्षाच्या तोंडाला मी जेवायला बसायचा लाकडी पाट सुतळीने बांधला. गल्लीच्या या टोकाला मी, हातात टेनिसचा चेंडू. त्या टोकाला अण्णा. त्यांना सांगितलं, सायकल चालते तेवढ्याच वेगाने सरळ माझ्याकडे या आणि मी सांगितल्याशिवाय थांबू नका.

"अक्का, डोकं ठीक आहे ना?" त्यांनी कन्नडमध्ये विचारलं. माझ्याकडे पाहून नव्हे, नातीकडे पाहून.

आधी उभ्या रिक्षेवर चेंडू टाकला. तो टप्पकन पाटावर आपटून बिचारा दमल्यासारखा परत आला. मग अण्णा निघाले. मी तेवढ्याच जोराने चेंडू टाकला. तो पाटावर आपटला आणि माझ्या कानाजवळून असा सुटला की मी मागे पाहिलं तेव्हा तो समोरच्या वकिलांच्या गच्चीवर, साबुदाण्याच्या पापड्या वाळत घातल्या होत्या त्यांच्या बरोबर मध्ये जाऊन बसला होता.

वकिलीणबाई वरून ओरडल्या, "कोण आहे ते कार्टं?"

"मी!" मी म्हटलं. बाईंनी कठड्यावरून वाकून पाहिलं. कार्टं सत्तरीला टेकलेलं असेल हे त्यांना सुचलं नसणार.

अण्णांनी ब्रेक मारला. "अक्का, जोर कशाचा एवढा? मला तर चेंडू जसा आला तसाच गेलेला दिसला. उलट जरा मंदच गेला."

नात रस्त्यात उभी होती ती तशीच राहिली. "परत सांगा, अण्णा."

"आतून पाहिलं तर आला तसा गेला."

"आणि बाहेरून पाहिलं तर दुप्पट जोरात!" ती पळतच घरात गेली.

तर गोष्ट अशी. गुरूवर बसून पाहिलं तर यान जितक्या वेगाने येतं तितक्याच वेगाने जातं. फक्त त्याची दिशा वळते. चेंडू पाटाला आपटला, यान गुरूला शिवतसुद्धा नाही, नुसतं ओढीने वळतं, एवढाच फरक. पण गुरू स्वतः पळतोय. सूर्यावरून पाहणाऱ्याला यानाच्या वेगात गुरूचा वेगही धरावा लागतो, आणि यान गुरू जातो त्या बाजूला वळलं की दोन्हींची बेरीज होते. नातीचा हिशोब चुकलाच नव्हता. ती गुरूच्या मांडीवर बसून पाहत होती. चूक माझी होती. वेग ओढीने वाढत नाही. ओढ फक्त वळवते. देणारा असतो तो पळणारा गुरू.

दुपारी तिने गुरूला तेरा किलोमीटरने पळवलं आणि किल्ली दाबली. यान दहाने आलं आणि पाचने बाहेर पडलं.

"कमी झाला!" तिचा आवाज रडायच्या बेतात.

मी चष्मा पुसून रेघ पाहिली. यान गुरूच्या पुढून ओलांडत होतं. ओढीने ते मागे वळत होतं, गुरू जातो त्याच्या उलट बाजूला. "अगं, ज्याच्याकडून वेग घ्यायचा त्यालाच तू स्वतःचा देऊन निघालीस. पुढून नको. मागून जा."

तिने यानाची वाट गुरूच्या मागून वळवली. दहाने आलं, विसाने गेलं. आम्ही दोघींनी कालचं मऊ पडलेलं गिरमिट तोंडात कोंबलं. ती आधीची पाचवाली रेघ पुसायला निघाली तेव्हा मी तिचा हात धरला. "राहू दे. चुकीलाही कागदावर जागा असू दे."

शुक्रवारी तोंडी परीक्षेला मी शेवटच्या बाकावर बसले. काटकुळा मुलगा आता टकला आणि रुंद झालेला. त्याने मला नमस्कार केला, आणि मी त्याच्याकडे न पाहता केला.

बाहेरच्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न विचारला, "पुढून गेलं तर?" नातीने पाचवाली रेघ पडद्यावर टाकली. म्हणाली, सूर्याजवळ जायचं असेल तेव्हा यानाला वेग कमी करायचा असतो, तेव्हा ग्रहाच्या पुढून नेतात. परीक्षक जरा पुढे सरकले.

"फुकट काही मिळत नाही. यानाला मिळालं ते कुठून आलं?"

"गुरूकडून. तो तेवढा मंदावतो."

"किती?"

तिने खडू घेतला. यान सातशे किलोचं, वेगाची वाढ सेकंदाला दहा हजार मीटर, गुरूचं वजन एकोणीसवर सव्वीस शून्यं. भागाकार केला आणि उत्तर लिहू लागली. दशांशचिन्ह, मग शून्यं. मी मागून मोजत होते, आणि मोजताना ओठ हलवायची माझी जुनी खोड आहे. एकोणीस शून्यांवर तिने चार लिहिला.

माझ्या तोंडून निघालं, "अजून एक!"

सगळा हॉल मागे वळला. परीक्षक म्हणाले, "बाई, परीक्षा कोणाची चाललीय?"

पण नातीने तोवर स्वतःच चार पुसला होता. "थांबा," ती म्हणाली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. घातांक पुन्हा मांडले, एक एक वजा केला, विसावं शून्य घातलं आणि मग चार. "सेकंदाला एवढे मीटर, सर. गुरूला कळणारही नाही."

परीक्षकांनी स्वतःच्या वहीत हिशोब करून पाहिला. वेळ घेतला. मग अहवालाची पानं उलटत पहिल्या पानावर थांबले आणि मोठ्याने वाचायला लागले. "आभार. माझ्या अज्जीचे, जिने हा विषय तीस वर्षं चुकीचा शिकवला आणि एका बुधवारी दुरुस्त केला."

माझा काटकुळा विद्यार्थी तोंडावर रुमाल धरून खोकला. खोकला नव्हता तो.

"हे असंच ठेवायचं?" परीक्षकांनी विचारलं.

"ठेवा," मी मागून म्हटलं. "फक्त तीस नको. तेहतीस करा."

त्यांनी पेन काढलं, तिथे तेहतीस केलं, आणि त्याच पेनाने खाली सही केली. शिफारसपत्र त्या संध्याकाळीच लिहिलं गेलं.