मुका खांब

चंद्रकांता लोढा यांची सून रुची सातव्या महिन्यातच बाळंत झाली. मुलाला जळगावच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलं होतं. रुची तिथेच, नवरा संयम तिच्यासोबत, आणि चंद्रकांता धुळ्याला, देवपूरच्या घरात सासऱ्यांच्या आजारपणाला बांधलेल्या.

रुचीनं फोनवर एकच मागणं केलं. "मम्मी, त्याच्या डोक्यावर दवाखान्याची टोपी आहे. एक तरी वस्तू घरची असू दे. सिस्टर म्हणाल्या, मऊ सुती धाग्याची चालेल, पण घट्ट विणीची हवी. भोकात बोट अडकायला नको."

चंद्रकांतांनी आजवर कितीतरी बाळांच्या टोप्या केल्या होत्या, पण एवढ्या लहान डोक्याचा अंदाज हाताला येईना. रुचीची बहीण विधी इंग्लंडमध्ये राहते. तिथल्या बायका अशाच बाळांसाठी टोप्या करतात. तिनं त्यांचा इंग्रजीत लिहिलेला नमुना पाठवला.

चंद्रकांता क्रोशे शिकल्या होत्या अमेरिकन पुस्तकांवरून. त्यात डबल म्हणजे खांब: सुईवर धागा एकदा गुंडाळून घातलेला उंच टाका. ट्रेबल म्हणजे दोनदा गुंडाळून घातलेला, त्याहून उंच. नमुन्यात माथ्याला डबल होतं आणि खालच्या ओळींना ट्रेबल. त्यांनी तसंच विणलं. टोपी लांबुळकी, टोकदार झाली, खाली नुसती जाळी. धागा नवा आहे, धुतल्यावर बसेल, असं मनाला समजावून त्यांनी ती नीलेशच्या गाडीतून पाठवली. नीलेश त्यांचा भाचा, त्याच्या जळगावला फेऱ्या असत.

संयमचा फोन आला. "आई, ही त्याच्या डोळ्यांवर येते. सिस्टरनी परत दिली."

चंद्रकांतांना वाटलं, आपला हातच गेला. शेजारची मयुरी शाळेत इंग्रजी शिकवायची. चंद्रकांतांनी तिला नमुना दाखवला. "बघ गं, माझं वाचण्यात काही चुकलं का?"

मयुरीनं फोनवर शोधलं. "काकू, ब्रिटनमधलं डबल म्हणजे अमेरिकेतलं सिंगल. त्यांचं ट्रेबल म्हणजे तुमचं डबल. नावं एक पायरी सरकलेली आहेत. या पानावर सिंगल हा शब्दच नाही बघा, म्हणजे हा नमुना तिकडच्याच नावांचा."

अमेरिकन सिंगल म्हणजे मुका खांब. धागा न गुंडाळता घातलेला, बुटका, घट्ट. चंद्रकांतांनी कपाळावर हात मारला.

"मी लगेच बदलून देते," म्हणत मयुरीनं लॅपटॉपवर नमुना बदलून छापून आणला. चंद्रकांतांनी दिवसभर न उठता दुसरी टोपी केली. वीण दाट झाली, पण टोपी बशीसारखी उथळ. कानांच्या वरच राहिली असती. त्यांनी छापलेलं पान पुन्हा पाहिलं. सगळीकडे सिंगलच.

"मयुरी, याच्यात खांब कुठे गेले?"

मयुरीनं पान मूळ नमुन्याशी ताडून पाहिलं. मग हळूच म्हणाली, "काकू, मी आधी सगळ्या ट्रेबलचं डबल केलं. नंतर सगळ्या डबलचं सिंगल. त्यात नवे डबलही बदलले. आधी डबलचं सिंगल करायला हवं होतं."

रागवायला वेळ नव्हता. चंद्रकांतांनी मूळ नमुना घेतला आणि दोघींनी मिळून एकेक शब्द मराठीत लिहून काढला. जिथे डबल तिथे मुका खांब, जिथे ट्रेबल तिथे साधा खांब. ओळ जोडायची स्लिप स्टिच दोन्हीकडे तीच, ती तशीच ठेवली. तिसरी टोपी मुठीत मावेल एवढी झाली, दाट, कानांपर्यंत उतरणारी. ती उकळून, वाळवून, सासऱ्यांजवळ मयुरीला बसवून चंद्रकांता स्वतः जळगावच्या बसमध्ये बसल्या.

एरंडोलच्या पुढे संयमचा फोन आला. त्यानं "आई" एवढंच म्हटलं आणि तो रडायला लागला.

दवाखान्यात रुची भिंतीकडे तोंड करून पडली होती. सिस्टरनी विचारलं, "टोपी आणलीय ना? घालूया?" त्यांनी ती बाळाला घातली. कुठे ओढ नाही, कुठे ढिली नाही. दुपारी त्याला टोपीसकट मातीत दिलं.

घरी आल्यावर काही दिवसांनी रुचीनं विचारलं, "त्याला नीट बसणारी पहिल्यांदाच का नाही केलीत?"

"मला शब्द कळले नाहीत, बेटा. वाचले, पण चुकीचे समजले."

"तो होता तेव्हा त्याच्या अंगावर घरचं काहीच नव्हतं."

टोपीनं मूल वाचलं नसतं, हे डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि रुचीलाही ते ठाऊक होतं. चंद्रकांतांनी ते ओठांवर आणलं नाही.

आता चंद्रकांता त्या दवाखान्यासाठी टोप्या करतात, सिस्टरनीच मागितल्या. मयुरीही शिकली, ती मुके खांब फार घट्ट घालते. रुची मात्र सुई हातात दिसली की खोलीतून उठून जाते. चंद्रकांता तिला हाक मारत नाहीत.