डीकॅफचा उपास

बाबांच्या हृदयाची तपासणी ठरली, त्याच दिवशी मी करी रोडच्या माझ्या फ्लॅटमधली एक खोली आवरायला घेतली. आईबाबा गिरगावात चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि हल्ली जिना चढताना बाबांना दम लागत होता. हृदयाचा रक्तपुरवठा कमी निघाला तर चाळ सोडून माझ्याकडे, लिफ्टच्या बिल्डिंगमध्ये यायचं, असं मीच ठरवून टाकलं होतं. तो विषय निघाला की आई भांडी जरा जोरात घासायची.

गुडघ्यांमुळे बाबांना ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालवणं शक्य नव्हतं, म्हणून परळच्या हॉस्पिटलात औषध टोचून हृदयाचे फोटो काढायचे होते. आदल्या दिवसापासून चहा, कॉफी, चॉकलेट बंद, असं फोनवर बजावलेलं. बाकीचं बाबांनी हसत सोडलं, पण जायफळाच्या कॉफीशिवाय त्यांची सकाळच होत नाही. आमच्या घरात उपास म्हटला की आधी काय चालतं ते बघतात. साबुदाणा चालतो, वरी चालते, बटाटा तर चालतोच. त्याच चालीवर आईने निकाल दिला की डीकॅफ, म्हणजे कॅफीन काढलेली कॉफी, चालते. मीही मान डोलावून बाटली आणून दिली.

तपासणीआधी टेक्निशियन मुलीने विचारलं, तेव्हा बाबा ऐटीत म्हणाले, "फक्त डीकॅफ. एकच कप."

तिने हातातली सुई खाली ठेवली. "काका, डीकॅफमध्येपण कॅफीन असतं. कपाला दोन ते पाच मिलिग्रॅम, कधी जास्तही. साध्या कॉफीत शंभरच्या आसपास असतं, त्यामानाने काहीच नाही. पण कॅफीन आमच्या औषधाच्या आड येतं. आज फोटो चांगला आला तरी खात्री देता येणार नाही."

उद्या या, म्हणाली. मी टॅक्सीभर धुसफुसले. आईने मात्र घरी पोचल्यावर स्वतःचीही कॉफी बंद केली. दोघं गॅलरीत कोमट पाणी पीत बसले. कॉफीविना बाबांचं डोकं ठणकत होतं आणि आई ते दाबून देत होती. त्यांच्याकडे बघून माझा राग कुठल्या कुठे गेला.

दुसऱ्या दिवशी तपासणी नीट झाली. रक्तपुरवठा उत्तम निघाला. बसून बसून वजन वाढलंय, त्याने दम लागतो, डॉक्टर म्हणाले. रोज हळूहळू जिना चढा. बाबांनी लगेच डीकॅफचं विचारलं. आता खुशाल प्या, एवढ्याशाने एरवी काही होत नाही, असं उत्तर मिळालं.

चाळीत परतलो तेव्हा आई जिना चढून पुढे गेली होती. बाबा दुसऱ्या मजल्यावर टेकले, तेवढ्यात वरून जायफळाचा वास आला.

"डीकॅफ नको गं," ते खालूनच म्हणाले. "आज पूर्ण शंभराची कर."

संध्याकाळी घरी येऊन मी त्या आवरलेल्या खोलीत सगळा पसारा परत नेऊन टाकला. इतक्या आनंदाने मी कधी पसारा केला नव्हता.