नऊ वाजून नऊ मिनिटं

नंदुरबारात घड्याळं दुरुस्त करणाऱ्या इद्रिस घडीसाजाला विचारल्याशिवाय आमच्या भागातलं कुणी घड्याळ लावत नसे. मशिदीतला नमाजच्या वेळांचा फळाही वीस वर्षं त्याच्याच हातचा. वेळ सांगताना चूक होते ती दुसऱ्यांची, असं त्याला मनोमन वाटायचं.

दोन हजार बावीसच्या नोव्हेंबरात, आठ तारखेला चंद्रग्रहण होतं. इद्रिसची आई जन्नतबी तेव्हा ऐंशीच्या पुढे, पाय गेलेले, दिवसभर खाटेवर. तिनं आठवड्याआधीच सांगून ठेवलं होतं, "बेटा, लहान होते तेव्हा माझ्या अब्बांनी ग्रहणात मला शेजारी उभं करून दोन रकात नमाज पढायला लावली होती. एकदा पुन्हा पढायचंय. चांद मला दिसला पाहिजे हां, नुसतं ऐकून नाही."

इद्रिसनं मोबाईलवर एका खगोलाच्या पानावरचा तक्ता शोधला. आंशिक ग्रहण सुरू ०९:०९, पूर्ण ग्रहण १०:१६ ते ११:४१, सगळं संपणार १२:४९. चंद्रग्रहण म्हणजे रात्रीचंच, आणि आकडेही कसे रात्रीचेच दिसत होते! वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'यूटी' लिहिलेलं होतं. कुठल्यातरी संस्थेचं नाव असेल म्हणून त्यानं ते सोडून दिलं. फळ्यावर खडूनं लिहिलं, 'ग्रहण रात्री ९ वाजून ९ मिनिटं.'

बायको तबस्सुम म्हणाली, "अहो, टीव्हीवर तर संध्याकाळी म्हणत होते."

"टीव्हीवाले काहीही सांगतात. माझ्याकडे मिनिटांचा हिशोब आहे."

आठ तारखेला जन्नतबीनं रात्री जागायचं म्हणून दुपारी मुद्दाम झोप काढली. इशाची, म्हणजे रात्रीची नमाज झाली की खुर्चीत बसवून गच्चीवर न्यायचं ठरलेलं. इद्रिस सूर्यास्तानंतरच्या मगरिबच्या नमाजला गेला, मोबाईल बंद करून. बाहेर येऊन चालू केला तर रनाळे गावच्या हेमकांतचे तीन मिस्ड कॉल. हा शेतकरी, त्याचं जुनं गिऱ्हाईक. इद्रिसनं फोन लावला.

"इद्रिसभाई, चांद देखा का? निंघना तवयच कापेल व्हता! आते तं काळी कोर थोडीशीच ऱ्हायनी. तुम्ही तं नऊ वाजता सांगेल व्हतं ना?"

सहा वाजून बारा मिनिटं झाली होती. इद्रिस धावत सुटला. घरी तबस्सुमला हाक मारली, दोघांनी आईला खुर्चीत बसवून उचललं. जिना अरुंद, वळणावर खुर्ची अडकली, परत खाली घेतली, तिरकी केली. गच्चीवर पोचले तेव्हा सहा चोवीस. पूर्वेला घरांच्या वर चंद्र होता, गोल, अख्खा.

जन्नतबी बराच वेळ बघत राहिली. "कुठून कापलाय रे?"

"सुटलं, अम्मी."

"तू तर नऊ म्हणाला होतास."

"चुकलं माझं."

तिनं ओढणी सारखी केली आणि हात उचलून दुआ मागितली. इद्रिसला वाटलं, रागावली असती तर बरं झालं असतं.

मुलगी आफशीन कॉलेजात विज्ञान शिकत होती. क्लासवरून आली तेव्हा त्यानं तिला तक्ता दाखवला. "अब्बू, यूटी म्हणजे ग्रीनिचची वेळ. चंद्रग्रहण सगळ्या जगात एकाच क्षणी घडतं, म्हणून तक्ता एकच छापतात. आपलं घड्याळ साडेपाच तास पुढे. ते मिळवायचे." इद्रिसनं पेन्सिल घेतली. बारा एकोणपन्नासमध्ये साडेपाच तास: सहा एकोणीस. नऊ नऊचे दोन एकोणचाळीस, भर दुपार. तेव्हा चंद्र उगवलाच नव्हता. उगवला सहाला पाच-सहा मिनिटं कमी असताना. म्हणजे नंदुरबारच्या वाट्याला जेमतेम पंचवीस मिनिटं आली होती. तेवढा वेळ आई खाली खाटेवर, पूर्ण जागी, रात्रीची वाट बघत पडली होती.

त्या रात्रीच मशिदीत जाऊन त्यानं फळा पुसला.

जन्नतबी पुढच्या वर्षी फेब्रुवारीत गेली. त्याच वर्षी ऑक्टोबरात पुन्हा ग्रहण आलं. तक्त्यात अठ्ठावीस तारीख, १९:३५. इद्रिसनं साडेपाच तासांची बेरीज दोनदा केली, आफशीनकडून तपासून घेतलं. पंचवीस तास पाच मिनिटं. चोवीस वजा केले, तारीख एकानं पुढे गेली. फळ्यावर लिहिलं, 'रात्री १ वाजून ५ मिनिटं, तारीख २९.' एकानं विचारलं, "भाई, सगळे अठ्ठावीस म्हणतात ना?"

"अठ्ठावीसची रात्र, पण बारा उलटल्यावर. अठ्ठावीसच्या पहाटे एकला उठाल तर काही दिसायचं नाही."

त्या रात्री एकला तो एकटाच गच्चीवर गेला. चंद्राच्या कडेला बरोबर एक वाजून पाच मिनिटांनी काळी कोर लागायला सुरुवात झाली. त्यानं दोन रकात नमाज पढली आणि आईसाठी दुआ मागितली. खाली उतरल्यावर तबस्सुमनं विचारलं, "दिसलं?"

"दिसलं," तो म्हणाला. "गेल्या वर्षी तू टीव्हीवरचं सांगितलं होतंस तेव्हा ऐकायला हवं होतं."